आलेख कानांनी वाचता यावेत म्हणून: पर्यायी मजकूर आणि तक्ते लिहिण्याचा अनुभव

मी एका छोट्या शैक्षणिक न्यासात मजकुराचं काम करते. साक्षरतेवरचं आमचं एक मराठी संकेतस्थळ आहे आणि त्यात जनगणनेच्या आकड्यांचे बरेच आलेख आहेत. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या देणगीदार संस्थेचं पत्र आलं. पुढचा हप्ता हवा असेल तर संकेतस्थळ दिव्यांग वाचकांना वापरता येतं असा तपासणी अहवाल जोडा, आणि निकष डब्ल्यूसीएजी २.१ ची, म्हणजे संकेतस्थळं दिव्यांगांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची, ‘एए’ पातळी, असं त्यात म्हटलं होतं. मुदत जूनअखेर. हे काम माझ्याकडे आलं. ते करताना मला मराठीतून फारसं काही वाचायला मिळालं नाही, म्हणून घडलं तसं लिहून ठेवते आहे.

फेब्रुवारीत आम्ही तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवली. ज्यांना काम दिलं त्यांचं शुल्क २८,००० रुपये अधिक जीएसटी होतं आणि त्यात एक फेरतपासणी धरलेली होती. दरपत्रक घेताना फेरतपासणीचं वाक्य लेखी मागून घ्या. बाकीच्या दोघांच्या कागदात ते नव्हतं, आणि दुरुस्त्या करून झाल्यावर त्यासाठी पुन्हा पूर्ण शुल्क भरावं लागलं असतं.

अहवाल यायला मार्च उजाडला. ती एक मोठी एक्सेल फाइल होती. प्रत्येक ओळीत पानाचा पत्ता, अडचण, निकषाचा क्रमांक आणि गंभीरता. रंगांचा फरक, बटणांची नावं वगैरे दुरुस्त्या आमच्या तांत्रिक सहकाऱ्याने भराभर उरकल्या. अडकलं ते आलेखांवर. प्रत्येक आलेखापुढे १.१.१ आणि १.३.१ हे दोन क्रमांक होते. पहिला सांगतो की चित्राला तेच काम करणारा मजकूर हवा. दुसरा सांगतो की डोळ्यांना दिसणारी रचना, म्हणजे कुठला आकडा कुठल्या वर्षाचा आणि कोणाचा, ती कोडमध्येही असली पाहिजे. मजकूर लिहायचा म्हणजे ते काम तंत्रज्ञाचं नव्हतं, माझं होतं.

गंमत अशी की आम्ही आधी एका स्वयंचलित तपासनीसातून पानं घातली होती आणि आलेखांबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. जे थोडे आलेख साधी चित्रं म्हणून ठेवले होते त्यांच्या `alt` मध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, ‘आलेख’ एवढाच शब्द होता. काहीतरी लिहिलं आहे की नाही एवढंच ते साधन बघतं. लिहिलेलं उपयोगाचं आहे का, हे ऐकणारा माणूसच सांगू शकतो.

म्हणून मी दोघांना विचारलं. आमच्या वाचनालयात नेहमी येणारे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. दुसरी अर्थशास्त्रात एम. ए. करणारी मुलगी. दोघंही पूर्ण दृष्टिहीन आणि रोज संगणक वापरणारे. दोघांना प्रत्येक बैठकीचं १,५०० रुपये मानधन द्यायचं ठरलं. लेखापालांनी ‘हे कुठल्या शीर्षाखाली टाकू?’ असं विचारलं, तेव्हा ‘तज्ज्ञ सल्ला’ असं लिहायला सांगितलं, कारण ते तेच होतं. अंदाजपत्रकात ही रक्कम पहिल्यापासून धरा. मी नंतर धरली आणि मंजुरीसाठी आठवडाभर थांबावं लागलं.

दोघंही एनव्हीडीए वापरतात. हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे. मीही तो उतरवून घेतला. मॉनिटर बंद करून स्वतःच्या पानावर फिरले तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमचे बहुतेक आलेख नुसते अपुरे नव्हते, ते नव्हतेच. कोडची एक तयार लायब्ररी वापरून ते कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र रंगवायच्या चौकटीत, काढले जात होते. कॅनव्हास म्हणजे स्क्रीन रीडरसाठी कोरा फळा. आधीचा परिच्छेद संपला की थेट नंतरचा परिच्छेद सुरू व्हायचा. दोन आलेख एसव्हीजी या चित्रप्रकारात थेट पानाच्या कोडमध्ये होते, त्यांची तऱ्हा उलटी. त्यातले अक्षावरचे सगळे आकडे सुटे सुटे ऐकू यायचे: शून्य, वीस, चाळीस, साठ, मग वर्षं, मग ‘पुरुष’, ‘स्त्री’. रेषेबद्दल एक शब्द नाही.

सहकाऱ्याशी बोलून सोपा मार्ग धरला. आलेख एसव्हीजी फाइल म्हणून साठवायचा आणि साध्या `img` ने पानावर ठेवायचा. मग आतले सुटे आकडे वाचले जात नाहीत, फक्त मी लिहिलेला `alt` वाचला जातो. एसव्हीजी पानातच ठेवायचा असेल तर त्याला `role="img"` आणि `aria-label` द्यावं लागतं. परिणाम साधारण तोच.

आता मूळ काम. एकच आलेख घेऊन सगळं सांगते. भारतातला पुरुष आणि स्त्री साक्षरता दर, १९५१ ते २०११, दोन रेषा, सात जनगणना. लेखात हा आलेख का होता? दोन्ही दर वाढले हे सर्वांना माहीत असतं. आम्हाला दाखवायचं होतं ते त्या दोघांमधलं अंतर. स्वातंत्र्यानंतर ते लगेच कमी झालं नाही, उलट वाढलं, १९८१ ला सर्वांत जास्त होतं आणि मग घटत गेलं.

माझा पहिला मसुदा चांगला लांबलचक होता. त्यात आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, कुठली रेषा कुठल्या रंगाची, सातही वर्षांचे चौदा आकडे दोन दशांशांपर्यंत, आणि शेवटी ‘हे चित्र आशादायक आहे’ असं वाक्य. एप्रिलच्या पहिल्या बैठकीत तो दोघांना ऐकवला. काका मध्येच म्हणाले, “थांबा जरा. चौथ्या आकड्यापाशी पहिला विसरलो.” डोळ्यांनी वाचणारा मागे वळून पाहू शकतो. `alt` मधला मजकूर मात्र एका दमात येतो. त्यात परिच्छेद नसतात, यादी नसते, स्तंभ नसतात. एका आकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. आकडे तिथे कितीही काळजीपूर्वक लिहिले तरी कानातून निसटून जातात.

त्या मुलीचा आक्षेप शेवटच्या वाक्यावर होता. “आशादायक आहे की नाही ते मी ठरवेन ना, मॅडम. मला आधी चढ कुठे आहे आणि उतार कुठे, ते सांगा.” पुढे वाचताना मला एमआयटीतल्या ॲलन लंडगार्ड आणि अरविंद सत्यनारायण यांचा २०२१ चा अभ्यास सापडला. त्यांनी आलेखांच्या वर्णनाचे चार थर मांडले आहेत: रचना, मग कमाल-किमान यांसारखे आकडे, मग एकूण कल, आणि शेवटी संदर्भ व भाष्य. डोळस वाचकांना भाष्याचा थर फार आवडला, दृष्टिहीन वाचकांपैकी अनेकांना तो नको होता. आमच्या छोट्या खोलीत तेच घडलं होतं. भाष्य लेखात असू द्यावं, तिथे ते सर्वांसाठी असतं. `alt` मध्ये ते घातलं की आलेख न दिसणाऱ्याला माझ्या मताखेरीज दुसरं काही हाती लागत नाही.

रंगांबद्दल मात्र माझा अंदाज चुकीचा निघाला असता, विचारलं ते बरं झालं. मला वाटत होतं की रंग काढून टाकावेत. काका म्हणाले, “राहू द्या. मीटिंगमध्ये लोक ‘ती निळी रेषा बघा’ असं म्हणतात, तेव्हा मला कळायला हवं ती कुठली.” रंग `alt` मध्ये न ठेवता आलेखाखालच्या ओळीत, म्हणजे `figcaption` मध्ये ठेवले. ती ओळ सगळ्यांना दिसते आणि सगळ्यांना ऐकू येते.

बऱ्याच खाडाखोडीनंतर जे उरलं ते असं:

```html
<figure>
  <img src="saksharata.svg" alt="रेषालेख: भारतातील
  पुरुष व स्त्री साक्षरता दर, १९५१ ते २०११. दोन्ही
  दर सतत वाढले. दोघांतलं अंतर १९५१ मध्ये १८ टक्के,
  १९८१ मध्ये सर्वाधिक, जवळपास २७ टक्के, आणि २०११
  मध्ये १६ टक्के. सर्व आकडे खालच्या तक्त्यात.">
  <figcaption>निळी रेषा पुरुष, केशरी रेषा स्त्री.
  स्रोत: भारताची जनगणना.</figcaption>
</figure>
```

यातल्या प्रत्येक शब्दामागे काही ना काही कारण आहे. सुरुवातीला ‘चित्र’ किंवा ‘प्रतिमा’ नाही, कारण स्क्रीन रीडर ते आपणहून सांगतो. ‘रेषालेख’ आहे, कारण रेषा म्हटलं की काळानुसार बदल असणार हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. आकडे पूर्णांकात आहेत. दशांश ऐकायला जड जातात, आणि निरनिराळे आवाज ते निरनिराळ्या पद्धतीने वाचतात. नेमके आकडे तक्त्यात आहेत आणि शेवटचं वाक्य तिकडे पाठवतं. `figcaption` मध्ये `alt` मधलं काहीही पुन्हा लिहिलेलं नाही, नाहीतर तेच दोनदा ऐकावं लागतं. माझ्या जुन्या पानांवर हा प्रकार जागोजागी होता.

आमच्या पानांची भाषा कोडमध्ये `lang="en"` अशी पडली होती, बहुधा विकत घेतलेल्या साच्यातून आलेली. ती `lang="mr"` केली. स्क्रीन रीडर कुठला आवाज वापरायचा हे या खुणेवरून ठरवू शकतो. खूण इंग्रजीची असेल तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होण्याची भीती असते. आलेखाचं काम हाती घेण्याआधी ही एक ओळ तपासून घ्या.

तक्ता सोपा जाईल असं मला वाटलं होतं. सात ओळी, चार स्तंभ. पण सगळ्यात जास्त शिकले ते तिथेच.

आधी आकडे. २०११ साठी आमच्या आलेखात पुरुष ८२.१४ आणि स्त्री ६५.४६ असे आकडे होते. ते जनगणनेचे तात्पुरते आकडे. अंतिम आकडे ८०.८८ आणि ६४.६३ आहेत. रेषेवर हा फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो, तक्त्यात तो लख्ख दिसतो. आलेख अंतिम आकड्यांवर पुन्हा काढला. दुसरी गोष्ट, १९५१, १९६१ आणि १९७१ चे दर पाच वर्षं व त्यावरच्या लोकसंख्येचे आहेत, १९८१ पासूनचे सात वर्षं व त्यावरच्या. शिवाय १९८१ मध्ये आसामात आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती. आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात या टिपा होत्या, आणि चित्राचाच भाग असल्यामुळे कोणाच्याही कानापर्यंत पोचत नव्हत्या. त्या तक्त्याच्या आधी साध्या वाक्यांत आणल्या. आधी अशासाठी, की तक्ता संपल्यानंतर येणारी तारांकित टीप ऐकणाऱ्याला फार उशिरा मिळते.

मग रचना.

```html
<table>
  <caption>साक्षरता दर, भारत, १९५१ ते २०११</caption>
  <tr>
    <th scope="col">वर्ष</th>
    <th scope="col">पुरुष, टक्के</th>
    <th scope="col">स्त्री, टक्के</th>
    <th scope="col">अंतर</th>
  </tr>
  <tr>
    <th scope="row">१९५१</th>
    <td>२७.१६</td><td>८.८६</td><td>१८.३०</td>
  </tr>
</table>
```

पुढच्या ओळी अशाच: १९६१ ला ४०.४० आणि १५.३५, अंतर २५.०५, १९७१ ला ४५.९६ आणि २१.९७, अंतर २३.९९, १९८१ ला ५६.३८ आणि २९.७६, अंतर २६.६२, १९९१ ला ६४.१३ आणि ३९.२९, अंतर २४.८४, २००१ ला ७५.२६ आणि ५३.६७, अंतर २१.५९, २०११ ला ८०.८८ आणि ६४.६३, अंतर १६.२५.

चौथा स्तंभ मूळ आलेखात नव्हता. डोळ्यांनी बघणाऱ्याला दोन रेषांमधली फट आपोआप दिसते, त्याला वजाबाकी करावी लागत नाही. ऐकणाऱ्याने मात्र प्रत्येक ओळीत मनातल्या मनात ५६.३८ मधून २९.७६ वजा करत बसायचं, हे बरोबर नाही. आलेखाचा मुद्दा ज्या गोष्टीत आहे ती तक्त्यात स्वतंत्र स्तंभ म्हणून हवी. पूर्ण कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. ती केली आणि एक बारकावाही हाती लागला: अंतर १९८१ पर्यंत सरळ वाढलेलं नाही, १९७१ ला किंचित घसरलं आहे. म्हणून `alt` मध्ये ‘१९८१ पर्यंत वाढत गेलं’ असं न लिहिता ‘१९८१ मध्ये सर्वाधिक’ असं लिहिलं.

एनव्हीडीएमध्ये `T` दाबलं की पुढच्या तक्त्यावर जाता येतं, आणि `Ctrl`+`Alt` सोबत बाणाच्या कळांनी चौकटीतून चौकटीत. उजवीकडे गेलं की नव्या स्तंभाचं शीर्षक आणि आकडा ऐकू येतो, खाली गेलं की नव्या ओळीचं शीर्षक, म्हणजे वर्ष, आणि आकडा. ‘अंतर’ या स्तंभात उभं राहून खाली खाली गेलं की सातही जनगणनांचा चढउतार भराभर कानावर पडतो. `scope="row"` नसेल तर वर्ष खात्रीने ऐकू येईलच असं नाही, नुसते आकडे येतात. तपासायचं कसं, तर कुठल्याही मधल्या चौकटीत जाऊन खालचा बाण दाबायचा. वर्ष ऐकू आलं पाहिजे.

शीर्षकं पुन्हा पुन्हा वाचली जातात, म्हणून ती आखूड हवीत. माझं मूळ शीर्षक ‘पुरुष साक्षरता दर (सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येतील टक्केवारी)’ असं होतं. मुलीने दोनदा उजवीकडे-डावीकडे केलं आणि हसून हेडफोन माझ्या हातात दिले. ते सगळं दर वेळी ऐकावं लागत होतं. आता ‘पुरुष, टक्के’.

रिकामी चौकट ठेवू नका, हेही तिनेच सांगितलं. आमच्या एका दुसऱ्या तक्त्यात आकडा नसेल तिथे नुसती आडवी रेघ होती. आकडा नाही, शून्य आहे की वाचायचं राहून गेलं, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. तिथे ‘उपलब्ध नाही’ असं लिहिलं. जोडून मोठ्या केलेल्या चौकटी, म्हणजे दोन-तीन स्तंभांवर पसरलेलं एक शीर्षक, शक्य तिथे सगळ्या काढल्या आणि गरज पडली तिथे एका तक्त्याचे दोन केले.

मे महिन्यात जिल्हानिहाय आलेखाकडे वळलो. महाराष्ट्राचे २०११ चे ३५ जिल्हे, आडवे स्तंभ, वर मुंबई उपनगर आणि तळाशी नंदुरबार. तक्ता अकारविल्हे लावावा असं माझं मत होतं, म्हणजे आपला जिल्हा चटकन सापडेल. काकांचं मत वेगळं पडलं. जिल्हा शोधायला शोधाची कळ आहेच, पण क्रम मोडला तर वर कोण आणि खाली कोण हे जे आलेख एका नजरेत सांगतो ते हरवतं. क्रम आलेखाचाच ठेवला.

हा तक्ता लांब म्हणून `details` मध्ये मिटवून ठेवला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मिटलेल्या `details` मधला तक्ता `T` ला सापडत नाही, तो उघडेपर्यंत स्क्रीन रीडरच्या दृष्टीने नसतोच. म्हणून `alt` च्या शेवटी ‘आकडे खालच्या “जिल्ह्यांचा तक्ता” या बटणात’ असं लिहिलं आणि बटणावर तंतोतंत तेच शब्द ठेवले. सात ओळींचा तक्ता मात्र उघडाच ठेवला. तो फक्त स्क्रीन रीडरपुरता पडद्याबाहेर लपवण्याची सूचनाही आली होती. मी ती मानली नाही. कमी दिसणारे बरेच जण स्क्रीन रीडर वापरत नाहीत, अक्षरं मोठी करून वाचतात. त्यांनाही बारीक रेषेपेक्षा आकडा बरा पडतो.

मोबाइलवर तक्ता रुंदीबाहेर जातो म्हणून सहकाऱ्याने `table` लाच `display: block` लावलं होतं. काही ब्राउझरांत त्यामुळे तक्ता म्हणून असलेली ओळखच पुसली जाते आणि आकडे सुट्या मजकुरासारखे वाचले जातात. ते काढून तक्त्याभोवती एक `div` घातला आणि आडवं सरकणं त्याला दिलं.

याच सुमारास, ३० एप्रिल २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या अधिकाराचा, अनुच्छेद २१ चा भाग असल्याचा निकाल दिला. तो ई-केवायसीबद्दलचा होता, आमच्या आलेखांशी थेट संबंध नव्हता. पण विश्वस्तांच्या बैठकीत ‘एवढं करायलाच हवं का’ हा प्रश्न त्यानंतर आला नाही आणि वार्षिक अहवालाच्या पीडीएफचं कामही मंजूर झालं. त्याबद्दल एवढंच सांगते: वर्डमध्ये आलेखाला पर्यायी मजकूर द्या, तक्त्याच्या पहिल्या ओळीला शीर्षकाची ओळ म्हणून खूण करा, आणि पीडीएफ `Save As` ने करा. छपाईच्या मार्गाने पीडीएफ केली की या खुणा निघून जातात.

फेरतपासणीसाठी आम्ही जूनच्या सुरुवातीला पानं दिली आणि महिनाअखेरीच्या आत अहवाल आला. आलेखांपैकी एकच ओळ उघडी राहिली, जिल्ह्यांचा रंगीत नकाशा. त्याला वर्णन होतं, तक्ताही होता, पण कुठला जिल्हा कुठल्या गटात हे केवळ रंगाच्या छटेवरून कळत होतं आणि शेजारच्या छटा एकमेकींत मिसळत होत्या. नकाशावर गटांचे क्रमांक छापले, तेच क्रमांक तक्त्यात एका स्तंभात घातले, आणि ओळ बंद झाली. हप्ता जुलैत जमा झाला.

आता आकडे आम्ही एकाच सीएसव्ही फाइलमध्ये ठेवतो आणि आलेख व तक्ता दोन्ही तिच्यातूनच तयार होतात. `alt` मात्र हाताने लिहावा लागतो. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ते साक्षरतेचे आकडे येतील तेव्हा तक्त्याला एक ओळ जोडली जाईल, रेषा पुढे सरकेल, आणि ‘१९५१ ते २०११’ लिहिलेला प्रत्येक `alt` मला पुन्हा लिहावा लागेल. त्यांची यादी त्याच फाइलच्या शेजारी ठेवली आहे.